अर्धवट गेम्सचा ढीग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या स्टीम लायब्ररीत २१४ गेम आहेत. नोकरी, घर आणि पाच वर्षांची मुलगी सांभाळून आठवड्याला साधारण पाच तास खेळायला मिळतात. ऑफिसातली पोरं आणि नाशिकचा भाचा मला सतत तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे. मी पीसीवर खेळतो, त्यामुळे उदाहरणं स्टीमची आहेत. प्लेस्टेशन किंवा स्विचवाल्यांना बटणं वेगळी दिसतील, दुखणं तेच आहे.

ढीग नेमका केवढा आहे, हे कसं कळणार?

आधी ढिगाचे दोन भाग करा, कारण न उघडलेला गेम आणि अर्धवट सोडलेला गेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न उघडलेला गेम कपाटातल्या कोऱ्या वहीसारखा असतो, दहा वर्षांनी काढला तरी तसाच. अर्धवट सोडलेला गेम मात्र दिवसागणिक शिळा होत जातो. तो डिस्कवर जसाच्या तसा असतो, शिळा होतो आपल्या डोक्यात.

स्टीमच्या लायब्ररीत शोधाच्या चौकटीशेजारी फिल्टरचं चिन्ह आहे. तिथे `Unplayed` निवडून त्याचं डायनॅमिक कलेक्शन करून ठेवलं की कधीच न उघडलेल्यांचा गठ्ठा आपोआप वेगळा होतो आणि एखादा उघडला की तो आपसूक त्यातून बाहेर पडतो. उरलेल्यांवरून मात्र एकदा हातानेच नजर फिरवावी लागते, कारण कुठला संपला आणि कुठला सोडला हे स्टीमला कळत नाही. एका रविवारी दुपारी बसून मी ते केलं. कधीच न उघडलेले ९७, संपवलेले ३८, मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचे २२ आणि अर्धवट ५७ निघाले.

त्या ९७ चं मी काहीही केलेलं नाही, आणि करणारही नाही. खरं काम ५७ मध्ये आहे. खालची बहुतेक उत्तरं त्यांच्याबद्दलच आहेत.

हे सगळे कधी तरी संपतील का?

नाही. हिशोब करून बघा. ९७ आणि ५७ मिळून १५४. एकेकाला सरासरी पंधरा तास धरले, आणि हे मी कमीच धरतोय, तरी २,३१० तास होतात. आठवड्याला पाच म्हणजे वर्षाला २६० तास. म्हणजे एकही नवा गेम न घेता जवळपास नऊ वर्षं.

तुम्हीच मागे पडलाय असं वाटत असेल तर आणखी एक आकडा. स्टीमने २०२४ च्या वर्षअखेरीच्या आढाव्यात सांगितलं होतं की एका खेळाडूने वर्षभरात खेळलेल्या वेगवेगळ्या गेम्सचा मध्यक ४ आहे. चार खेळलेले, संपवलेले नव्हेत. तेव्हा वर्षाला पाच-सहा संपवणारा माणूस चांगलाच वेगात आहे.

यातून माझ्यापुरता निघालेला अर्थ असा की ढीग उपसायचा विचार सोडून द्यावा. प्रश्न एवढाच उरतो, की जे अर्धवट आहे त्यातल्या हव्या त्या गेमकडे परत कसं जायचं.

पण परत गेलो की दहा मिनिटांत बंद करावंसं वाटतं. गेमचा कंटाळा आलाय का?

बहुतेक वेळा कंटाळा नसतो, विसर असतो. फक्त तो कंटाळ्यासारखा वाटतो.

वर्षभराने मोठा गेम उघडला की तीन प्रकारचा विसर एकदम अंगावर येतो. पहिला बोटांचा: कुठलं बटण काय करतं. दुसरा गोष्टीचा: ही बाई कोण, हिच्यावर माझा राग का होता. तिसऱ्याकडे कुणी लक्ष देत नाही, तो म्हणजे बोचक्यातला विसर. बॅगेत सत्तर वस्तू आहेत, त्यातल्या चाळीस कशाला ठेवल्या ते आठवत नाही, सहा वेगवेगळ्या औषधांच्या बाटल्या आहेत, आणि न खर्चलेले दोन स्किल पॉइंट कोपऱ्यात लुकलुकत आहेत. गेम मात्र तुम्हाला कालच उठून गेल्यासारखं वागवतो. शिकवणी पहिल्या तासातच संपली, आता समोर मधल्या टप्प्यातला शत्रू आहे. दोनदा मरता, यादीतून दुसरा काही तरी नवा गेम लावता. तो हाताला धरून सगळं शिकवतो, म्हणून तोच बरा वाटतो. पंधरा दिवसांनी तोही अर्धवट. माझे ५७ असेच साठले.

खरा कंटाळा आणि विसर यांतला फरक ओळखायची माझी खूण सोपी आहे. गेम बंद असताना, गाडी चालवताना किंवा अंघोळीच्या वेळी, त्यातली एखादी जागा किंवा पात्र मनात येतं का? येत असेल तर कंटाळा नाही.

परत जायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

माझंच उदाहरण सांगतो. ‘द विचर ३’ मी बत्तीस तास खेळून सोडला होता आणि चौदा महिन्यांनी उघडला. मधल्या काळात दोनदा प्रयत्न करून झाला होता. दोन्ही वेळा थेट मुख्य कथेच्या खुणेकडे घोडा पिटाळला, रस्त्यात मार खाल्ला आणि बंद केला. तिसऱ्या वेळी ठरवलं की पहिल्या दिवशी कथेला हातच लावायचा नाही.

सेव्ह लोड होताना हा गेम चित्रांमधून आतापर्यंतची गोष्ट सांगतो. आपण ते घाईने कापून टाकतो. या वेळी बसून ऐकलं. मग जर्नल उघडून फक्त चालू असलेला मुख्य क्वेस्ट आणि त्यात नाव असलेल्या तीन पात्रांच्या नोंदी वाचल्या. सगळी पात्रं वाचायला बसू नका, ती परीक्षेची तयारी होते. ब्लडी बॅरन हा दारुडा जहागीरदार आहे, त्याची बायको आणि मुलगी नाहीशा झाल्या आहेत, त्या शोधून दिल्या तर सिरीबद्दल, म्हणजे आपला नायक गेराल्ट जिला शोधतोय त्या मुलीबद्दल, पुढचं सांगेन असं तो म्हणाला आहे. एवढं कळलं, बास. या सगळ्याला वीस मिनिटं गेली.

त्यानंतर बोचकं. बॅरनच्या गढीत, क्रोज पर्चला, लोहार आहे. त्याच्याकडे जाऊन वापरात नसलेल्या तलवारी आणि चिलखतं विकली, हातातल्या दुरुस्त करून घेतल्या. गेराल्टच्या पाठीवर मर्यादेपेक्षा जास्त वजन झालं की त्याला पळता येत नाही, आणि ‘गेम जड वाटतोय’ या माझ्या जुन्या तक्रारीमागे निम्मं कारण हेच निघालं. न खर्चलेले पॉइंट फार विचार न करता ज्या रांगेत आधीचे होते तिथेच टाकले. आंतरजालावर सर्वोत्तम बिल्ड शोधायला गेलात तर ती संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

दुसऱ्या दिवशी बोटं. मी अकराव्या पातळीवर होतो. मिडकॉप्स गावाच्या नोटीस फलकावर रानातल्या जेनीचं कंत्राट आहे, पातळी दहा. ही नाइटरेथ, रात्री शेतात दिसणारी हडळ. तिला नुसत्या तलवारीने मारायला गेलं की घाव आरपार जातात. यर्डन नावाचं जादूचं चिन्ह जमिनीवर टाकून तिला त्या वर्तुळात ओढलं की मगच ती लागते. मला यर्डन कुठल्या बटणावर आहे तेसुद्धा आठवत नव्हतं. बगल द्यायचं बटण आणि लोळण घ्यायचं बटण यांत घोळ करून पहिल्यांदा मेलो, दुसऱ्यांदाही मेलो. तिसऱ्यांदा वर्तुळ योग्य जागी पडलं आणि अर्ध्या मिनिटात खेळ आटोपला. त्या एका लढाईत बगल, चिन्ह, तलवारीला तेल लावणं, सगळं हाताला परत आलं.

हे कंत्राट निवडण्यामागे हिशोब होता. आपल्या पातळीच्या एक खाली, कथेशी संबंध नाही, हरलो तरी काही बिघडत नाही, आणि वीस-पंचवीस मिनिटांत पूर्ण होतं. कुठल्याही मोठ्या गेममध्ये परतताना असं एक काम शोधायचं. मुख्य कथा तिसऱ्या दिवशी. त्यानंतर सात आठवड्यांत मी शेवट पाहिला.

जिथे होतो तिथून पुढे जाऊ की नव्याने सुरू करू?

गोष्टीचा गेम असेल तर पुढे जा, बोटांचा असेल तर बहुतेक वेळा नव्याने सुरू करा.

विचरसारख्या गेममध्ये गोष्ट जर्नलमध्ये लिहिलेली असते, दोन दिवसांत भरून काढता येते. बत्तीस तास पुन्हा खेळणं म्हणजे पाहिलेली मालिका पहिल्या भागापासून पुन्हा लावणं. बहुतेक लोक तसंच करतात, दहाव्या तासाला दमतात, आणि एकाच गेमचे तीन अर्धवट सेव्ह तयार होतात. माझ्या एका सहकाऱ्याने या गेमचं सुरुवातीचं गाव, व्हाइट ऑर्चर्ड, चार वेळा पूर्ण केलंय. त्याच्या पुढे तो कधी गेलेलाच नाही.

‘हॉलो नाइट’चं उलटं आहे. तिथे गोष्ट लिहून ठेवणारं जर्नल नाही. आहे तो नकाशा, तोही विकत घ्यायचा, आणि त्यावर लावायला विकतच्या टाचण्या. मी तो अकरा तासांवर सोडला होता. परतलो तेव्हा झेप, भिंतीवरून उडी आणि चार-पाच तावीज हाताशी होते, पण बोटांना त्यातलं एकही येत नव्हतं. हा गेम एक कला देतो, तिचा सराव करून घेतो, मग दुसरी देतो. मधूनच घुसलं की सगळ्या एकदम निभवाव्या लागतात. दोन संध्याकाळी मार खाल्ल्यावर नव्याने सुरू केला, आणि अकरा तासांचा प्रवास साडेपाच तासांत झाला, कारण रस्ते आठवत होते. ते साडेपाच तास वाया गेले असं एकदाही वाटलं नाही.

हाउ लाँग टू बीट या संकेतस्थळावर प्रत्येक गेमला किती वेळ लागतो ते खेळाडूंच्या नोंदींवरून दिलेलं असतं. तिथला मुख्य कथेचा आकडा बघा. त्याच्या पाचव्या हिश्शापेक्षा कमी खेळला असाल तर प्रकार कुठलाही असो, नव्याने सुरू करायला हरकत नाही. माझा हा पाचवा हिस्सा ठोकताळा आहे, शास्त्र नव्हे.

परत येणं इतकं अवघड होऊ नये म्हणून सोडतानाच काही करता येईल?

चिठ्ठी. या पानावरचं एकच काही घ्यायचं असेल तर हे घ्या.

खेळणं थांबवताना, शेवटच्या दोन मिनिटांत, चार ओळी लिहून ठेवायच्या. स्टीममध्ये याची सोय आहे. खेळता खेळता `Shift+Tab` दाबलं की वर जो थर उघडतो त्यात `Notes` आहे. त्या गेमची चिठ्ठी त्या गेमपाशीच राहते आणि नंतर लायब्ररीत त्याच्या पानावरूनही वाचता येते. वही-पेन्सिलही चालते, फक्त वही संगणकापाशी राहायला हवी.

माझी एक खरी चिठ्ठी, ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ ची:

“प्रकरण २, हॉर्सशू ओव्हरलूक. कॅम्पात उभा आहे. घोडा नवीन, अजून बिचकतो. नकाशावर पिवळं D म्हणजे डचचं काम, ते मुद्दाम ठेवलंय, आधी लेनीबरोबर सलूनला जायचं. नेम धरायच्या आधी बंदूक काढावी लागते, नाहीतर समोरच्याला नमस्कारच करतो. पुढचं पाऊल: लेनी.”

चिठ्ठीत पातळी आणि टक्केवारी लिहू नका, ते गेमला ठाऊक असतं. गेमला जे ठाऊक नाही ते लिहा: काय मुद्दाम टाळलंय, कुठलं बटण फसवतं, कोणावर संशय आहे. आणि शेवटची ओळ नेहमी पुढच्या एका छोट्या पावलाची, चालू करताच करता येईल अशी. ‘कथा पुढे नेणे’ हे पाऊल नव्हे.

थांबायच्या जागेलाही महत्त्व आहे. मोठ्या बॉसच्या दारात सेव्ह करून उठणं ही सगळ्यात वाईट सवय. त्या वेळी दमलेले असता, म्हणून ‘उद्या ताज्या दमाने’ म्हणता. तो उद्या तीन महिन्यांनी उजाडतो आणि परतलेल्या माणसाच्या पुढ्यात पहिला घास तोच बॉस येतो. त्याला हरवून तरी उठा, नाहीतर मागे गावात येऊन उठा. ‘हॉलो नाइट’मध्ये बाकावर बसून.

एका वेळी किती गेम चालू ठेवावेत?

मी तीन ठेवतो आणि तिन्ही एकमेकांसारखे नसावेत याची काळजी घेतो. एक मोठा, गोष्टीचा, शनिवारी रात्री सगळे झोपल्यावर. एक अर्ध्या तासात डाव मोडता येईल असा, आठवड्याच्या मधल्या रात्रींसाठी, सध्या ‘हेडीस’. आणि एक छोटा, दोन-चार बैठकांत संपणारा.

पूर्वी माझ्याकडे विचर, असॅसिन्स क्रीड आणि होरायझन असे तीन मोठे मोकळ्या जगाचे गेम एकाच वेळी चालू होते. तिन्हींत घोडा किंवा घोड्यासारखं काही तरी, तिन्हींत नकाशावर प्रश्नचिन्हं आणि तिन्हींत वनस्पती गोळा करणं. बटणं मात्र तिन्हींची वेगळी. एकाची सवय दुसऱ्यात मारते. दोन महिन्यांत तिन्ही सुटले.

तीनची मर्यादा पाळायची सोपी युक्ती म्हणजे डिस्कवर तीनच ठेवायचे. चौथा हवा असेल तर एक काढा. ‘रेड डेड २’ ला १५० जीबी जागा लागते. माझं इंटरनेट असं आहे की तो पुन्हा उतरवायला रात्रभर लागते, आणि तेवढ्या वेळात नव्याची हौस बऱ्याचदा ओसरते.

छोटे गेम म्हणजे कुठले?

‘अ शॉर्ट हाइक’ दीड-दोन तासांत होतो. ‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’ एका संध्याकाळचा आहे. ‘फायरवॉच’ला चारेक तास. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० मधला ‘राजी’ साधारण पाच तासांत संपतो. लढाई थोडी अडखळते, पण वाडे आणि भिंतीवरची चित्रं बघायला तरी तो खेळावा. ‘पोर्टल’ तीन-चार तास. दोन मोठ्यांच्या मध्ये यातला एखादा घेतला की जिभेची चव बदलते.

मग कुठला अर्धवट गेम आधी उचलायचा?

शेवटाच्या सगळ्यात जवळचा, असं सगळे सांगतात. मी नाही सांगणार. शेवटाच्या जवळ सोडलेले गेम बऱ्याचदा योग्य कारणाने सोडलेले असतात. शेवटचा तिसरा भाग ओढूनताणून लांबवलेला असतो, आणि त्यातच दोन आठवडे घातले की बाकीच्यांचीही इच्छा मरते.

मी अंघोळीची खूण वापरतो, वर सांगितली ती. ५७ ची यादी एकदा वाचली, प्रत्येक नावाला दोन सेकंद. ज्याचं एखादं दृश्य लगेच डोळ्यांपुढे आलं त्यावर टिंब. अकरा टिंबं पडली. उरलेल्या ४६ मध्ये असे होते की ज्यांत मी दहा-दहा तास घालवले होते आणि नायकाचं नावही आठवेना. ते ‘सोडले’ नावाच्या कलेक्शनमध्ये टाकले आणि तो गठ्ठा मिटून ठेवला. गेम कुठेही जात नाही, फक्त रोज समोर दिसत नाही.

इतके तास घालवून सोडायचं म्हणजे जिवावर येतं.

येतं खरं. पण गेम सोडण्याआधी एक गोष्ट करून बघा: अवघडपणा कमी करा. बरेच लोक अभिमानापोटी करत नाहीत. ‘विचर ३’ मध्ये सगळ्यात सोप्या पायरीचं नावच `Just the Story!` आहे आणि ती मधूनच कधीही बदलता येते. ‘सेलेस्ट’मध्ये असिस्ट मोड आहे, त्यात गेमचा वेगसुद्धा मंद करता येतो. ‘हेडीस’चा गॉड मोड मला सगळ्यात शहाणा वाटतो. चालू केला की लागणारा मार २० टक्क्यांनी कमी होतो आणि प्रत्येक मरणागणिक आणखी २ टक्के कमी होत जातो, ८० टक्क्यांपर्यंत. जितके हराल तितका हात मऊ.

अवघडपणा उतरवूनही दोन बैठकींत ओढ लागली नाही, तर तो कंटाळाच आहे. सोडा. ‘वीस तासांनंतर मजा येते’ असं सांगणारा एक मित्र प्रत्येकाला असतो. आठवड्याला पाच तासांच्या माणसासाठी वीस तास म्हणजे एक महिना, हे त्याच्या लक्षात येत नाही.

आणि लोक सगळे संपवतात या समजुतीत राहू नका. स्टीमवर प्रत्येक गेमच्या अचीव्हमेंटपुढे जगातल्या किती टक्के खेळाडूंना ती मिळाली ते दिसतं. ‘विचर ३’ ची शेवटाची अचीव्हमेंट, `Passed the Trial`, काढून बघा. इतका गाजलेला गेम, आणि तो शेवटपर्यंत नेणारे निम्म्याहून बरेच कमी.

नकाशावरची सगळी प्रश्नचिन्हं करायची का?

नाही. स्केलिगेच्या समुद्रात तरंगणाऱ्या तस्करांच्या पेट्या मी दोन संध्याकाळी गोळा केल्या. वटवाघळासारखे राक्षस वरून ओरबाडत होते, नाव बुडायची, आणि पेटीत निघायचं काय, तर विकून टाकावी अशी तलवार. त्या दोन संध्याकाळींनी माझी या गेमवरची माया जवळजवळ उडाली होती. प्रश्नचिन्हं नकाशावरून लपवता येतात, लपवा. माणसं ज्या साइड क्वेस्ट तोंडाने सांगतात त्या करा, नकाशा सांगतो त्या सोडा. फक्त विचरमध्ये ‘आइल ऑफ मिस्ट्स’ला निघण्याआधी गेम स्वतः बजावतो की काही क्वेस्ट यापुढे मिळणार नाहीत. तिथे थांबून जर्नल एकदा चाळा.

सेल लागला की हात राहत नाही. काय करू?

भाच्याला मी एवढंच सांगितलं: “घे, पण त्याच आठवड्यात दोन तासांच्या आत खेळून बघ.” स्टीमवर विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. सेलमध्ये घेऊन तसाच ठेवलेला गेम पंधराव्या दिवशी कायमचा तुमचा होतो. म्हणून जो या पंधरवड्यात उघडणार नाही तो विशलिस्टमध्येच बरा. पुढच्या सेलमध्ये तो साधारण याच भावाला किंवा त्याहून स्वस्त मिळतो. भाच्याने ऐकलं का? “मामा, सहा घेतले, एक परत केला.” चालायचंच.

एपिक हे दुसरं ऑनलाइन दुकान दर आठवड्याला गेम फुकट देतं त्याबद्दल: गुरुवारी रात्री मीही घेतो. पण ते गेम माझ्या मोजणीत धरत नाही. लग्नात मिळालेले लेमन सेट कुणी मोजतं का!

बीजीएमआय, व्हॅलोरंट हे ढिगात धरायचे?

नाही. त्यांना शेवटच नाही. पण आठवड्याच्या पाच तासांतले तीन तिकडे जात असतील तर वरचे सगळे हिशोब दोन तासांवर करा.

डिस्कवरून गेम काढला तर सेव्ह जातं का?

स्टीमच्या दुकानातल्या पानावर `Steam Cloud` असं लिहिलेलं असेल तर सेव्हची प्रत त्यांच्या सर्व्हरवर जाते आणि पुन्हा उतरवल्यावर परत येते. नसेल तर सेव्ह फक्त तुमच्या संगणकावर असतं. गेम काढताना ते सहसा पुसलं जात नाही, पण विंडोज नव्याने टाकलं किंवा लॅपटॉप बदलला की गेलं. क्लाउड असलं तरी मी मोठ्या गेमची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवतो. ‘विचर ३’ ची इथे सापडते:

```
%USERPROFILE%\Documents\The Witcher 3\gamesaves
```

हा फोल्डर उचलून कॉपी करायचा, नावात तारीख घालायची. मी त्याच फोल्डरात त्या गेमची चिठ्ठीही टाकून ठेवतो, कारण तीन वर्षांनी सेव्ह सापडेल पण लेनी कोण ते आठवणार नाही.